वारस, रावस आणि स्फोट

'स्फोट' म्हटले की आज डोळ्यांसमोर सिलिंडर, फटाक्यांचा कारखाना असेच काहीतरी येते. संस्कृत व्याकरणातल्या स्फोटाचा त्याच्याशी संबंध एवढाच, की दोन्ही शब्द 'स्फुट्' या एकाच धातूपासून आले. या धातूचा अर्थ फुटणे, उमलणे, उघड होणे. मराठीत आपण 'पालवी फुटली' म्हणतो, 'तोंडातून शब्द फुटेना' म्हणतो, तोच हा धातू. व्याकरणकारांनी 'स्फोट' शब्द दोन अंगांनी समजावला आहे. ज्याच्यातून अर्थ फुटतो तो स्फोट, आणि जो ध्वनींमुळे उघड होतो तोही स्फोट. ध्वनी एका बाजूला, अर्थ दुसऱ्या बाजूला, आणि मधे हा स्फोट उभा. तो मधे कशाला लागतो, हाच सगळा वाद आहे. भारतात हा वाद हजार वर्षांहून अधिक काळ चालला आणि त्यात दोन्ही बाजूंना फार मोठी माणसे होती.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आयुष्य बँकेत गेले, म्हणून उदाहरणही तिथलेच घेतो. 'वारस' हा शब्द घ्या. खातेदार गेल्यावर काउंटरवर जो शब्द सर्वात जास्त वेळा उच्चारला जातो तो हा. आता तो सावकाश म्हणून पाहा. आधी 'व्', मग 'आ', मग 'र्', मग एक आखूड 'अ', आणि शेवटी 'स'. तुम्ही 'स' म्हणता तेव्हा 'व्' कुठे असतो? कुठेच नसतो. तो हवेत विरून गेलेला असतो. कागदावर लिहिलेली अक्षरे एकमेकांशेजारी बसून राहतात, म्हणून ही अडचण आपल्या लक्षात येत नाही. पण बोलणे म्हणजे एका वेळी एकच वर्ण, आणि पुढचा येईपर्यंत मागचा गेलेला. पाचही वर्ण एकाच क्षणी कधीच हजर नसतात. मग 'ज्याला मालमत्तेचा हक्क पोहोचतो तो माणूस' हा अर्थ कोणी सांगितला? एकट्या 'व्'ने नाही, एकट्या 'स'नेही नाही. पाचांनी मिळून सांगितला म्हणावे, तर पाच जण कधी एकत्र जमलेच नाहीत.

याचे सर्वात सरळ उत्तर कोणालाही सुचेल. मागचे वर्ण गेले तरी त्यांची आठवण राहते, आणि त्या आठवणींसह शेवटचा वर्ण ऐकला की अर्थ कळतो. मीमांसकांचे उत्तर मुळात हेच होते. आधीच्या वर्णांचे संस्कार मनावर उमटतात आणि त्या संस्कारांना सोबत घेऊन शेवटचा वर्ण अर्थ देतो, असे ते म्हणत. ऐकायला हे अगदी पटते. पण आता 'वारस'च्या शेजारी 'रावस' ठेवून पाहा. रावस म्हणजे कोकण-मुंबईकडे आवडीने खाल्ला जाणारा मासा. त्यात वर्ण कोणते? 'र्', 'आ', 'व्', 'अ' आणि 'स'. म्हणजे तेच पाच. शेवटचा वर्णही तोच, 'स'. 'स' ऐकण्याच्या क्षणी मनात ज्या चार वर्णांचे संस्कार शिल्लक आहेत तेही तेच चार. साठा सारखा आणि शेवटची भरही सारखी, तर हिशेब सारखाच निघायला हवा. प्रत्यक्षात मात्र एकीकडे माणूस निघतो आणि दुसरीकडे मासा.

संस्कृतात यासाठी 'नदी' आणि 'दीन', 'सर' आणि 'रस' अशा जोड्या दिल्या जात. 'वारस–रावस' ही आमची भर. 

यावर लगेच कोणी म्हणेल, की संस्कार तेच असले तरी त्यांचा क्रम वेगळा आहे. बरोबर आहे. पण क्रम कोणाचा? ऐकण्याला क्रम होता, कारण ऐकणे एकामागून एक झाले. शेवटी जे मनात आहे ते सगळे एकाच वेळी आहे. दिवसभरात गल्ल्यात पडलेल्या नोटा संध्याकाळी मोजायला घेतल्या, तर कोणती नोट सकाळी दहाला आली आणि कोणती दुपारी दोनला, हे नोटा सांगत नाहीत. क्रम टिकवायचा असेल तर नोटांखेरीज आणखी काहीतरी लागते.

या ठिकाणी आद्य शंकराचार्यांचे उत्तर पाहण्यासारखे आहे. अनेकांना हे ठाऊक नसते, की शंकराचार्य स्फोटवादाच्या विरुद्ध होते. ब्रह्मसूत्रभाष्यात, देवताधिकरणाच्या चर्चेत, त्यांनी उपवर्ष या जुन्या आचार्यांचे मत उचलून धरले आहे. वर्ण हाच शब्द, त्यापलीकडे वेगळे काही मानू नये, असे ते मत. 'राजा' आणि 'जारा', 'कपि' आणि 'पिक' या जोड्यांची अडचण त्यांनी स्वतःच मांडली आणि तिला उत्तर दिले ते मुंग्यांच्या दाखल्याने. मुंग्या एकामागून एक चालल्या की आपल्याला 'रांग' दिसते. रांग ही मुंग्यांखेरीज वेगळी वस्तू नसते, तरी मुंग्या क्रमाने असल्या तरच रांग हे ज्ञान होते. तसेच बुद्धी सगळ्या वर्णांना शेवटी एकाच आठवणीत घेते, पण ज्या क्रमाने ते आले त्या क्रमासह घेते. आणि 'एक शब्द' हे म्हणणे 'एक सैन्य', 'एक वन' म्हणण्यासारखे आहे. सैनिक अनेकच असतात, एका कामासाठी एकत्र मोजले जातात इतकेच.

हे उत्तर कच्चे नाही. आजही बहुतेक शहाणी माणसे हेच देतील. स्फोटवाद्यांनी त्यात नेमके कुठे बोट ठेवले ते पाहिले, की स्फोट ही कल्पना का निघाली ते कळते. त्यांचा प्रश्न असा. हे पाच वर्ण 'एक' कशाने झाले? तुम्ही म्हणता, एक अर्थ देतात म्हणून. आणि ते एक अर्थ का देतात? तर एक शब्द आहेत म्हणून. अर्थावरून एकपणा आणि एकपणावरून अर्थ, असे गोल गोल फिरणे झाले. जामीनदाराला कर्जदार जामीन आणि कर्जदाराला जामीनदार, अशी कागदपत्रे कोणी आणली तर आम्ही परत पाठवत असू. शास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. सैन्याचे काम आपल्याला आधीपासून बाहेरून दिसते, म्हणून तिथे अडचण येत नाही. शब्दाच्या बाबतीत अर्थ कळण्याच्या आधी शब्द एक म्हणून हाती यावा लागतो.

म्हणून व्याकरणकार म्हणाले, की ऐकणाऱ्याच्या बुद्धीत जो शब्द उमटतो तो मुळातच एक आणि अखंड आहे. त्याला तुकडे नाहीत, म्हणून क्रमही नाही. क्रम आहे तो त्याला उघड करणाऱ्या ध्वनींना. या अखंड शब्दाचे नाव स्फोट.

ध्वनी वेगळा आणि स्फोट वेगळा ही फोड इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पतंजलींची. महाभाष्यात त्यांनी नगाऱ्याचे उदाहरण दिले आहे. नगाऱ्यावर टिपरी मारली की एखादा आवाज वीस पावले जातो, एखादा तीस, एखादा चाळीस. लांबी वाढली ती आवाजाची. एकच मार्ग कोणी रथातून, कोणी घोड्यावरून, कोणी पायी काटतो. वेळ कमीजास्त लागतो, पण मार्ग लांब-आखूड होत नाही. तसेच एखादा माणूस 'वारस' भरभर म्हणतो, दुसरा रेंगाळत म्हणतो, वकील ठासून म्हणतो, पण शब्द तोच राहतो. जे बदलते ते ध्वनी, जे तेच राहते ते स्फोट. इथे एक सावधगिरी मात्र हवी. पतंजलींच्या या चर्चेत स्फोट म्हणजे उच्चाराच्या वेगाने न बदलणारे वर्णाचे रूप एवढेच आहे. अर्थ देणारी अखंड वस्तू असे त्याचे पूर्ण तत्त्वज्ञान पुढे, साधारण पाचव्या शतकात भर्तृहरींनी 'वाक्यपदीय' या ग्रंथात उभे केले. लोकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत ही दोन्ही मते एकात मिसळलेली असतात, आणि मग पतंजलींच्या तोंडी भर्तृहरींचे म्हणणे जाते.

आता विरोधकांचा खरा बोचणारा प्रश्न येतो. स्फोट जर अखंड आहे, तर त्याचा तुकडा दिसणे शक्य नाही. दिसला तर सगळा दिसेल, नाहीतर मुळीच दिसणार नाही. मग 'वारस'मधल्या 'व्'ने स्फोट उघड केला की नाही? केला असेल तर पुढचे चार वर्ण फुकट गेले. केला नसेल तर 'आ' तरी कसा करणार, आणि 'र्' तरी कसा? अडचण जशीच्या तशी राहिली, वर स्फोट नावाची एक नवी वस्तू पदरात पडली. सातव्या शतकात कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात एक अख्खे प्रकरण याच खंडनाला दिले आहे.

भर्तृहरींचे उत्तर आम्हाला या सगळ्या वादातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते. ते म्हणतात, दिसतो तो सगळाच दिसतो, पण आधी अंधुक दिसतो आणि मग स्पष्ट. यासाठी त्यांनी पाठांतराचे उदाहरण घेतले. एखादा श्लोक पाठ करताना पहिल्या आवृत्तीत तो पाठ होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्यातही नाही. पण प्रत्येक आवृत्तीत आपण म्हणतो तो पूर्ण श्लोकच. पहिल्या वेळी पहिला पाव आणि दुसऱ्या वेळी दुसरा पाव, असे होत नाही. शेवटच्या आवृत्तीला तो मनात बसतो, आणि तो बसण्यात आधीच्या प्रत्येक आवृत्तीचा वाटा असतो. दुसरे उदाहरण संधिप्रकाशातले. लांबून काहीतरी दिसते आणि आधी दुसरेच काही वाटते. बघत राहिले की कळते, झाड आहे. पहिल्या नजरेतही तेच झाड दिसत होते, फक्त चुकीच्या रूपात.

पुढे मंडनमिश्रांनी 'स्फोटसिद्धी' नावाचा स्वतंत्र ग्रंथ लिहून कुमारिलांना उत्तर दिले. मंडन स्वतः मीमांसेतले दिग्गज, तरी या एका मुद्द्यावर त्यांनी व्याकरणकारांची बाजू घेतली. स्फोटाच्या चर्चेत रत्नपारख्याचा दाखला येतो. जवाहिरा हिरा पुन्हा पुन्हा फिरवून बघतो. प्रत्येक वेळी दिसतो तो अख्खा हिराच, पण शेवटच्या नजरेला त्याचा खरा कस लख्ख उमटतो.

आमच्यासाठी हा दाखला हिऱ्याचा नाही, सहीचा आहे. चेकवरची सही नमुना सहीशी ताडून पाहायला आम्ही कितीतरी वर्षे बसलो. नवीन अधिकारी अक्षर अक्षर जुळवतो. 'प' तसाच आहे का, शेवटची रेघ तशीच आहे का. मुरलेला अधिकारी तसे करत नाही. तो पूर्ण सही बघतो, पुन्हा बघतो, आणि त्याला ती 'त्या माणसाची' वाटते किंवा वाटत नाही. खोट्या सहीत बरेचदा प्रत्येक अक्षर बिनचूक असते आणि सही मात्र खोटी असते. सगळे तुकडे बरोबर असूनही पूर्ण वस्तू हजर नाही, असे होऊ शकते, एवढेच या दाखल्यातून घ्यावे. सही डोळ्यांसमोर एकाच वेळी असते आणि शब्द काळात पसरलेला असतो, हा फरक उरतोच.

हेच 'वारस'ला लावून पाहा. 'वा' कानावर पडले की मनात काहीतरी जागे होते, पण ते वाडा, वाट, वारा, वाटप यांपैकी काहीही असू शकते. 'वार' झाल्यावर तर एक शब्द पुरासुद्धा झाला. सोमवार-मंगळवारचा वार. पण 'स' आला आणि तो वार पुसला गेला, वारस उभा राहिला. आणि बोलणारा तिथे थांबला नाही, 'वारसदार' म्हणाला, तर तो वारसही एकटा उभा राहत नाही. शब्द कुठे संपला हे ध्वनी सांगत नाहीत. आधी जे वाटले ते चुकीचे होते, पण त्या चुकीच्याच पायऱ्यांवरून आपण बरोबर शब्दापाशी पोहोचलो. भर्तृहरींच्या मते वर्ण म्हणून जे वेगवेगळे तुकडे आपल्याला भासतात तेही याच जातीचे आहेत. अखंड शब्द उजळत असताना वाटेत होणारे, टाळता न येणारे आभास.

लहान मुले वाचायला शिकतात तेव्हा हा प्रकार उघड्या डोळ्यांनी दिसतो. इथे वडोदऱ्यात आमच्या ओळखीच्या बहुतेक नातवंडांची शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची. मराठी वाचन आजी-आजोबांच्या मांडीवर. पोर बोट ठेवून 'क… म… ळ' म्हणते. तिन्ही अक्षरे बरोबर, क्रम बरोबर, आणि चेहरा कोरा. पुन्हा म्हणते, जरा भरभर. अजून कोरा. तिसऱ्या वेळी एकदम ओरडते, 'कमळ!' पहिल्या आणि तिसऱ्या वाचनात एकाही अक्षराची भर पडलेली नाही. वर्णवादी म्हणेल, अंतर कमी झाले, वर्ण जवळ जवळ आले, म्हणून जुळले. ते खरेही आहे. पण जवळ आल्यावर त्या पोराला जे दिसले ते जवळ आलेले तीन वर्ण नव्हते, तळ्यातले फूल होते.

उलट बाजूनेही पाहता येते, म्हणजे वर्ण कमी असताना. फोनवर आवाज तुटत असतो, तरी 'काका, …रसाचं नाव लावायचं राहिलंय' एवढे ऐकून पलीकडच्याने 'वारसाचं' म्हटले हे आपल्याला कळते, आणि आपण ते ऐकलेच अशी खात्रीही वाटते. 1970 साली रिचर्ड वॉरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ध्वनिमुद्रित वाक्यातला एक वर्ण काढून तिथे खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणालाच काही गळाले आहे असे वाटले नाही, आणि खोकला नेमका कुठे आला हेही त्यांना सांगता आले नाही. याने भर्तृहरी सिद्ध झाले असे काही जण उत्साहाने म्हणतील, आम्ही म्हणणार नाही. ऐकणारा तुकडे जोडत जोडत वर चढत नाही, पूर्ण शब्दाकडून खालीही येतो, एवढेच त्यातून दिसते. ती पूर्ण वस्तू नित्य आहे, ब्रह्मस्वरूप आहे, हे भर्तृहरींचे पुढचे म्हणणे कोणत्याही प्रयोगात सापडण्यासारखे नाही.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. स्फोट उजळायला तो ऐकणाऱ्याकडे आधी असावा लागतो. आमच्याकडे याचा अनुभव रोजचा. गुजराती माणूस 'वार लागशे' म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचे असते, वेळ लागेल. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या पाहुण्याला तेच ऐकून वाटते, इथे कोणी कोणावर वार करणार आहे की काय. 'वार' हे ध्वनी दोघांच्या कानी एकच पडले. एकाच्या मनात उशीर उजळला, दुसऱ्याच्या मनात तलवार. ध्वनी दिवा लावतात खरे, पण खोलीत जे ठेवलेले असेल तेच दिसणार.

आतापर्यंत आपण शब्दावर थांबलो. भर्तृहरी मात्र तिथे थांबत नाहीत. वर्ण तोडून शब्द कळत नाही, तर शब्द तोडून वाक्य कसे कळेल, असे ते विचारतात. त्यांच्या मते खरा स्फोट वाक्याचा. त्यांनी 'ब्राह्मणकंबल' या समासाचा दाखला दिला आहे. त्याचा अर्थ एका विशिष्ट कांबळ्यापुरता आहे, त्या शब्दाच्या आत कोणी ब्राह्मण वेगळा बसलेला नाही. तशीच वाक्यातली पदे वाक्याबाहेर अर्थहीन. मराठीत 'त्याने कानाला खडा लावला' यात कान शोधा, खडा शोधा, काही हाती लागणार नाही.

नकाराचे उदाहरण त्याहून बोलके आहे, आणि मराठीत नकार शेवटी येत असल्याने ते आपल्याला चटकन कळते. शाखाधिकारी समोरच्याला सांगतो, 'तुमचं कर्ज मंजूर झालं नाही.' प्रत्येक शब्द आपापला अर्थ ठेवत पुढे जातो असे मानले, तर 'तुमचं कर्ज मंजूर झालं' एवढ्यात एक पूर्ण आणि आनंदाची गोष्ट सांगून झाली, आणि मग 'नाही'ने ती मोडली, असे म्हणावे लागेल. म्हणजे अधिकाऱ्याने आधी एक खोटे सांगितले आणि मग ते मागे घेतले. असे कोणी समजत नाही. त्याने सुरुवातीपासून एकच गोष्ट सांगितली, नामंजुरीची. समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड येऊन जातो हे आम्ही पाहिले आहे. पण तो क्षण संधिप्रकाशातल्या झाडासारखा आहे. वाक्य अजून पुरते दिसले नव्हते. वाक्य संपताच जो अर्थ एकदम, संपूर्ण उमटतो त्याला भर्तृहरी 'प्रतिभा' म्हणतात. हा शब्द आज आपण फक्त कवींसाठी राखून ठेवला आहे. त्यांच्या लेखी कर्ज नाकारले गेलेल्या शेतकऱ्यालाही त्या क्षणी प्रतिभाच झालेली असते.

कुमारिलांना हे इतके का खुपावे? त्यात त्यांचे खरे काही पणाला लागले होते. मीमांसकांचे काम वेदातल्या विधींचा अर्थ लावण्याचे. त्यात 'ऊह' नावाची एक पद्धत आहे. एका यागात मंत्र अग्नीला उद्देशून असतो. त्याच धर्तीवरचा दुसरा याग सूर्यासाठी असला, तर मंत्रातले 'अग्नये' काढून तिथे 'सूर्याय' घालायचे आणि बाकी मंत्र तसाच ठेवायचा. वाक्य जर अखंड असेल आणि त्यातली पदे नुसते आभास असतील, तर बदलले काय आणि तसेच ठेवले काय? आभास काढून आभास घालता येत नाही. अवयव खोटे ठरले तर अवयवांवर उभे असलेले कर्मही डळमळीत होईल, हे कुमारिलांनी स्फोटाच्या खंडनाचे प्रयोजन म्हणून स्वतः सांगितले आहे. आमच्या मते हा त्यांचा सर्वात भक्कम मुद्दा आहे. रोजच्या बोलण्यातही आपण हेच करतो. 'चहा आण' ऐकलेले मूल कोणी न शिकवता 'पाणी आण' म्हणते. वाक्य अखंड असेल तर हे न ऐकलेले नवे वाक्य आले कुठून?

व्याकरणकारांना हा प्रश्न टाळता येत नव्हता, कारण त्यांचा स्वतःचा धंदाच तोडण्याचा. पाणिनींची अष्टाध्यायी म्हणजे धातू वेगळा, प्रत्यय वेगळा, आगम वेगळा. मग अखंड शब्दाचे तत्त्वज्ञान सांगणारे लोक आयुष्यभर शब्द चिरत का बसले? भर्तृहरी या चिरण्याला 'अपोद्धार' म्हणतात, म्हणजे समजण्यासाठी विचारात वेगळे काढणे. त्यांच्या मते धातू आणि प्रत्यय ही शिकण्याची साधने आहेत. शब्द कळला की त्यांचे काम संपते. म्हणूनच दोन व्याकरणे एकाच शब्दाची दोन प्रकारे फोड करू शकतात, आणि दोन्ही चालतात. आम्हाला यात खतावणीची आठवण होते. एकच व्यवहार नावे आणि जमा अशा दोन खात्यांत लिहिला जातो. खाती आपण पाडलेली, पण ती पाडल्याशिवाय धंदा समजत नाही. त्यांची नावे बदलली तरी व्यवहार तोच राहतो. हे उत्तर 'पाणी आण' म्हणणाऱ्या मुलाला पुरते का? आम्हाला ते निम्मेच वाटते. मुलाने तुकडे वेगळे काढले हे अपोद्धाराने कळते, पण ते तुकडे निव्वळ आभास असते तर नव्या वाक्यात इतके चोख बसले नसते.

हा वाद पुढे काशीला गेला, आणि तिथे मराठी माणूस भेटतो. भट्टोजी दीक्षितांचे पुतणे कौंडभट्ट यांनी स्फोटाचे आठ प्रकार मांडले, वर्णस्फोटापासून वाक्यस्फोटापर्यंत. भट्टोजींचे नातू हरी दीक्षित, आणि त्यांचे शिष्य नागेशभट्ट. नागोजीभट्ट या नावानेही ते ओळखले जातात. आडनाव काळे, घराणे महाराष्ट्रीय, सारी विद्या काशीत, आणि आश्रय प्रयागजवळच्या शृंगवेरपूरच्या रामसिंह राजाचा. सतरावे शतक सरताना आणि अठरावे सुरू होताना त्यांनी 'स्फोटवाद' हा छोटा ग्रंथ आणि 'मंजूषा' नावाचे लहानमोठे ग्रंथ लिहिले. संतांच्या अभंगांमुळे आपल्याला परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी या चार वाणी ऐकून माहीत असतात. नागेशांनी स्फोट कुठे उजळतो याचे उत्तर या चौकटीत दिले. कानाला ऐकू येते ती वैखरी, स्फोट प्रकट होतो तो मध्यमेत, म्हणजे ओठ न हलवता आपण मनातल्या मनात बोलतो त्या ठिकाणी. पोराने 'कमळ' म्हणून ओरडण्याच्या आधीचा जो अर्धा क्षण असतो, तो बहुधा हाच.

ज्यांना मुळाकडे जायचे आहे त्यांच्यासाठी मराठीत वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी केलेले महाभाष्याचे भाषांतर आहे. त्यांचे चिरंजीव काशिनाथ वासुदेव अभ्यंकर यांचा संस्कृत व्याकरणाचा इंग्रजी कोश तर आपल्याच गावचा. तो 1961 साली इथल्या प्राच्यविद्या मंदिराने गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापला. त्यात 'स्फोट' काढून पाहिले, तर वर आलेली बहुतेक नावे पुन्हा भेटतील.